कुळथाच्या मुळाशी गुलाबी गाठ : जिवाणूंची पुडी कधी कामाला येते?

भातकापणी आटोपली की रत्नागिरीच्या आसपासच्या खाचरांत फार थोडा वेळ हाताशी असतो. मिरजोळ्यासारख्या गावात पावसाळ्यात चार महिने पाण्याने तुडुंब भरलेली जमीन ऑक्टोबरअखेर वाफशावर येते आणि नोव्हेंबर संपेपर्यंत वरचा थर टणक होऊ लागतो. या मधल्या दिवसांत जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी, कडवे वाल पेरले जातात. पाणी द्यायचे नाही, खतही बहुधा बेताचेच. तरीही कुळीथ उगवतो, पसरतो आणि वर्षभराच्या पिठीची सोय करतो. डाळीच्या दाण्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात आणि प्रथिने बनवायला नत्र लागते. खताच्या गोणीशिवाय हे नत्र येते कुठून, याचे उत्तर कुळथाच्या मुळांवरच्या मोहरीएवढ्या गाठींत आहे.

या गाठी वाढाव्यात म्हणून बियाण्याला रायझोबियम नावाच्या जिवाणूंचे संवर्धन चोळण्याची शिफारस कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे अनेक वर्षे करत आली आहेत. काळ्या भुकटीची २५० ग्रॅमची पुडी कृषी सेवा केंद्रात सहज मिळते आणि स्वस्तही असते. पण अनुभव मात्र एकसारखा नाही. एका शेतकऱ्याला फरक डोळ्यांना दिसतो, तर शेजारच्याला काहीच दिसत नाही. दोघेही खरे सांगत असतात. पुडी कधी उपयोगी पडते, कधी वाया जाते आणि ते आपल्याच खाचरात कसे ओळखायचे, हे समजण्यासाठी आधी गाठीच्या आत काय चालते ते पाहायला हवे.

गाठीच्या आतला व्यवहार

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कोणतीही वनस्पती ते स्वतः फोडू शकत नाही. खत कारखान्यात त्यासाठी प्रचंड दाब आणि चारशे अंशांच्या आसपासचे तापमान लागते. रायझोबियम गटातील जिवाणू हेच काम जमिनीच्या साध्या तापमानात करतात. त्यासाठी त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम ही दोन मूलद्रव्ये असतात.

हे काम जिवाणू फुकट करत नाहीत. कुळथाचे कोवळे मूळ मातीत काही विशिष्ट रसायने सोडते. योग्य जातीच्या जिवाणूला ती ओळखता येतात आणि तो उलट आपला रासायनिक संकेत पाठवतो. दोघांची खूण जुळली की मुळावरचा बारीक केस वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि एका सूक्ष्म नळीतून त्याला आत नेतो. तिथे मुळाच्या पेशी वेगाने वाढून गाठ तयार होते. जिवाणूंना वनस्पती पानांत तयार झालेली साखर पुरवते आणि ते तिला अमोनियाच्या रूपात नत्र देतात.

या व्यवहारात एक अडचण आहे. नायट्रोजिनेज प्राणवायूच्या संपर्कात आले की निकामी होते, पण जिवाणूंना जगायला प्राणवायू तर हवाच. वनस्पतीने यावर काढलेला तोडगा आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखाच आहे. गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त प्रथिन तयार होते. ते प्राणवायूला धरून ठेवते आणि मोजूनमापून जिवाणूंपर्यंत पोहोचवते. म्हणूनच चालू स्थितीतली गाठ कापली की आतून गुलाबी किंवा तांबूस दिसते. हा रंग शेतकऱ्याच्या हातातली सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

डाळवर्गीय पिकांच्या गाठींत जिवाणू असतात हे हॉलंडचे शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये ते वेगळे करून दाखवले. पुढे १८९६ च्या सुमारास जर्मनीत असे जिवाणू बाटलीत भरून विकायला सुरुवातही झाली. म्हणजे ही पुडी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिच्या अडचणीही तेवढ्याच जुन्या आहेत, कारण तिच्यात भरलेला माल जिवंत असतो.

प्रत्येक डाळीचा जिवाणू वेगळा

पहिली चूक दुकानातच होते. पुडीवर ‘रायझोबियम’ एवढे वाचून ती घेतली जाते, पण एका पिकाचा जिवाणू दुसऱ्या पिकाला चालेलच असे नाही. कुळीथ, चवळी, मूग, उडीद, तूर, वाल आणि भुईमूग ही साधारणपणे एका गटातली पिके आहेत. त्याला चवळी गट म्हणतात. हरभऱ्याचा जिवाणू स्वतंत्र आहे, सोयाबीनचा स्वतंत्र आणि वाटाणा व मसूर यांचा वेगळा. हरभऱ्याची पुडी कुळथाला चोळली तर अपाय होत नाही, पण गाठीही येत नाहीत. पुडीवर पिकाचे नाव छापलेले असले पाहिजे आणि ते आपल्या पिकाचे किंवा त्याच्या गटातले असले पाहिजे.

या गटवारीतून आणखी एक गोष्ट उलगडते. सोयाबीन महाराष्ट्रात नवखे पीक होते, तेव्हा इथल्या मातीत त्याचे जिवाणू जवळजवळ नव्हते. अशा वेळी पुडीचा परिणाम ठळक दिसतो. कुळीथ आणि चवळी मात्र कोकणात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना चालणारे जिवाणू मातीत, बांधावरच्या रानटी शेंगावर्गीय वेलींच्या मुळाशी आधीपासून असतात. त्यामुळे ‘पुडी वापरली नाही, तरी गाठी होत्या’ असे सांगणारा शेतकरी चुकत नसतो.

मग कोकणात पुडीची गरजच नाही का? इथे भाताचे खाचर मध्ये येते. चार महिने पाण्याखाली असलेल्या मातीत प्राणवायू नसतो आणि या जिवाणूंना तो हवा असतो. काही तग धरतात, पण संख्या घटते. ज्या खाचरात गेली काही वर्षे फक्त भात झाला आणि नंतर जमीन पडीक राहिली, तिथे ही संख्या आणखी कमी असण्याची शक्यता असते. जिथे दरवर्षी भातामागून कुळीथ किंवा पावटा होतो, तिथे ती बरी असते. पुडीचा निर्णय म्हणूनच गावाचा नव्हे, खाचराचा असतो.

बियाण्यामागे किती जिवाणू?

समजा, मिरजोळ्यात दहा गुंठ्यांच्या खाचरात भातानंतर कुळीथ घ्यायचा आहे. हेक्टरी साधारण ३० किलो बियाणे धरले तर दहा गुंठ्यांना ३ किलो लागेल. शिफारस १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमची एक पुडी अशी आहे, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. आपल्या ३ किलोला ७५ ग्रॅम पुरेल.

जैविक खते २००६ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. त्यानुसार भुकटीच्या रूपातल्या रायझोबियममध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत. २५ ग्रॅममध्ये ते १२५ कोटी होतात. किलोभर कुळथात साधारण ३३ हजार दाणे येतात असे धरले, तर दर दाण्याला सुमारे ३८ हजार जिवाणू पोहोचतात. कुळथासारख्या दाण्यासाठी ही संख्या चांगली आहे. मातीतल्या स्थानिक जिवाणूंशी स्पर्धा करून मुळावर आधी जागा पटकावायची तर संख्याबळ लागतेच. स्थानिक जिवाणू अनेकदा गाठ करण्यात पटाईत असतात, पण नत्र देण्यात कमी पडतात. आणि एकदा त्यांनी गाठी केल्या की वनस्पती फार नव्या गाठींना वाव देत नाही.

आता हीच पुडी महिनाभर तापलेल्या पत्र्याखाली पडून राहिली आणि शंभरातला एकच जिवाणू वाचला असे समजा. मग दाण्यामागे ३८ हजारांऐवजी ३८० उरतील. भुकटीचा रंग तोच, वास तोच, वजनही तेच. चोळणाऱ्याला काही कळणार नाही, पण पिकाला कळेल. म्हणून पुडी घेताना उत्पादनाची आणि वापराच्या अंतिम मुदतीची तारीख पाहावी. दुकानात ती कुठे ठेवली होती तेही पाहावे. घरी आणल्यावर ती घरातल्या सर्वांत गार, सावलीच्या जागी ठेवावी. कीटकनाशकांच्या आणि खतांच्या शेजारी ठेवू नये.

पुडीत जीव आहे का, हे घरी तपासता येते. त्यासाठी पेरणीआधी महिनाभर तरी पुडी हाताशी हवी. नदीची वाळू स्वच्छ धुऊन तासभर पाण्यात उकळावी आणि गरम पाण्याने धुतलेल्या दोन कुंड्यांत भरावी. दोन्हींत चवळीचे पाच-सहा दाणे लावावेत. चवळी त्याच गटातली आहे आणि तिचा दाणा मोठा असल्याने वाळूतही रोप काही आठवडे तग धरते. आधी साधे दाणे लावावेत, मग पुडी चोळलेले. पाणी उकळून गार केलेलेच द्यावे आणि दोन्ही कुंड्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. तीन-चार आठवड्यांनी रोपे काढून मुळे धुवावीत. पुडीच्या कुंडीत गाठी आणि साध्या कुंडीत नाहीत, तर पुडी जिवंत आहे. दोन्हीकडे नाहीत, तर पुडीबद्दल शंका घ्यावी. दोन्हीकडे आल्या, तर वाळू किंवा पाणी नीट निर्जंतुक झाले नव्हते असे समजून निष्कर्ष काढू नये.

चोळण्याची रीत आणि क्रम

संवर्धन बियाण्याला चिकटावे म्हणून गुळाचे पाणी वापरतात. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचा. गरम पाकात भुकटी टाकली तर जिवाणू तिथेच मरतात आणि ही चूक घाईत होतेच. बियाणे गोणपाटावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर पसरून त्यावर दाणे ओलसर होतील एवढेच गूळपाणी शिंपडायचे. मग भुकटी टाकून हलक्या हाताने फिरवायचे. प्रत्येक दाण्यावर काळसर लेप दिसला की पुरे. पाणी जास्त झाले तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि कुळथाची पातळ साल सुटू लागते. लेप सावलीत सुकवून बियाणे त्याच दिवशी पेरायचे.

बुरशीनाशक वापरायचे असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर गरज असल्यास कीटकनाशक आणि सगळ्यांत शेवटी जिवाणू. उलटे केले तर जिवाणूंवर थेट विषाचा थर बसतो. काही बुरशीनाशके क्रम पाळूनही जिवाणूंना त्रास देतात. म्हणून मर रोगाची भीती असेल तिथे ट्रायकोडर्माचा पर्याय अनेक शेतकरी निवडतात. ती स्वतः बुरशी असली तरी रायझोबियमशी तिचे जमते.

रत्नागिरीच्या हवेत सर्वांत मोठा शत्रू असतो तो ऊन आणि सुकणे. भरदुपारी लेप दिलेले बियाणे फोकून दिले आणि ते वरच्या कोरड्या मातीत उघडे राहिले, तर काही तासांत बहुतेक जिवाणू संपतात. ओल असलेल्या थरात, तिफणीने किंवा नांगरामागे बी टाकून लगेच झाकावे. शक्यतो दुपार टळल्यावर पेरावे. भातकापणी आणि पेरणी यांच्यात जितके दिवस वाया जातील, तितकी ओल खाली जाते. त्याची किंमत बियाणे आणि जिवाणू दोघेही मोजतात.

जांभ्याची आंबट माती

कोकणातली जांभ्या दगडापासून बनलेली माती आम्लधर्मी असते. ही बाब पुडीच्या कागदावर लिहिलेली नसते, पण अनेकदा निकाल तीच ठरवते. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीत विरघळलेले अॅल्युमिनियम वाढते आणि कॅल्शियम कमी पडते. मुळाचा केस वळून जिवाणूला आत घेण्याची नाजूक पायरी तिथेच अडखळते. शिवाय अशा मातीत लोहाच्या संयुगांना चिकटून स्फुरद अडकून बसते आणि नायट्रोजिनेजला लागणारे मॉलिब्डेनमही पिकाला मिळत नाही. गाठी दिसतात, पण बारीक आणि आतून पांढऱ्या. त्यावर दुसरी पुडी चोळून काही साधत नाही.

माती परीक्षणात सामू कमी आला तर पेरणीआधी काही आठवडे बारीक चुनखडीची पूड जमिनीत मिसळण्याचा उपाय आहे. सामू थोडा वर आला की मॉलिब्डेनमही मोकळे होते. संपूर्ण खाचराला चुनखडी देणे खर्चिक वाटले, तर जिवाणूंचा लेप ओलसर असतानाच बियाण्यावर चुनखडीच्या बारीक पुडीचा पातळ थर देता येतो. त्यामुळे दाण्याभोवतीच्या इवल्याशा जागेत आम्लता कमी राहते. मात्र घरातला खाण्याचा किंवा रंगाचा चुना कधीही वापरू नये. तो इतका तीव्र असतो की जिवाणू जळून जातात.

खताच्या बाबतीत एक गैरसमज आहे. पीक पिवळे दिसले की युरिया टाकायचा, मग गाठी असोत वा नसोत. रोप उगवल्यावर पहिले दोन-तीन आठवडे थोडे फिके दिसणे नैसर्गिक आहे, कारण बियाण्यातला साठा संपत आलेला असतो आणि गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात. त्यासाठी पेरतानाच हेक्टरी २० ते २५ किलो नत्र आणि ४० ते ५० किलो स्फुरद ही कडधान्यांची सर्वसाधारण शिफारस आहे. आपल्या दहा गुंठ्यांना ११ किलो डीएपी दिले तर साधारण २ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद मिळते. खत बियाण्याला न लागता बाजूला आणि खाली पडावे. यापेक्षा जास्त नत्र दिले तर पिकाला मातीतूनच ते आयते मिळते. मग गाठींना साखर पुरवणे त्याला परवडत नाही आणि ते त्यांची वाढ थांबवते.

तीन पट्ट्यांची परीक्षा

पुडीचा उपयोग होतो की नाही, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्याच खाचरात तीन पट्टे ठेवणे. प्रत्येकी एक गुंठा पुरे. पहिल्या पट्ट्यात साधे बियाणे, दुसऱ्यात जिवाणू चोळलेले आणि तिसऱ्यात साधे बियाणे व सोबत साधारण २ किलो युरिया दोन हप्त्यांत विभागून. बाकी सगळे सारखे. साधे बियाणे आधी पेरायचे, कारण चोळलेल्या बियाण्याचे हात आणि पाटी साध्या बियाण्याला लागली तर परीक्षाच बिघडते.

पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी, फुले येण्याच्या सुमारास पट्टे पाहायचे. प्रत्येक पट्ट्यातली पाच-सहा रोपे फावड्याने मातीच्या ढेकळासकट काढायची. उपटायची नाहीत, कारण गाठी मातीतच तुटून राहतात. ढेकूळ बादलीत भिजवून माती हळूच सोडवायची. गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज सुटतात. मूळच फुगलेले असेल आणि फुगवटा सुटत नसेल, तर ती सूत्रकृमीची गाठ आहे आणि तो रोग आहे. खऱ्या गाठी ब्लेडने कापून रंग पाहायचा. गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरी म्हणजे एकतर कोवळी किंवा निकामी. हिरवट-तपकिरी म्हणजे थकलेली.

तिन्ही पट्टे सारखेच हिरवे आणि साध्या पट्ट्यातही गुलाबी गाठी असतील, तर मातीत आधीच पुरेसे चांगले जिवाणू आहेत आणि पुढच्या वर्षी पुडी नसली तरी चालेल. साधा पट्टा फिका, पण पुडीचा पट्टा युरियाच्या तोडीचा हिरवा दिसला, तर पुडी कामाची आहे. साधा आणि पुडीचा दोन्ही फिके आणि फक्त युरियाचा हिरवा असेल, तर नत्र कमी पडते आहे, पण जिवाणू काम करत नाहीत. तेव्हा पुडी मेलेली होती की माती आंबट आहे, ते शोधायचे. तिन्ही पट्टे खुरटे असतील तर दोष नत्राचा नाही. स्फुरद, ओल किंवा सामू पाहावा. शेवटी प्रत्येक पट्ट्यातला दाणा वेगळा झोडून वजन करायचे, कारण पानांचा रंग आणि पोत्यातला माल नेहमी जुळतातच असे नाही.

भातासाठी काय उरते?

कुळीथ घेतला की पुढच्या भाताला नत्र फुकट मिळते असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शेंगा भरताना वनस्पती गाठींतली आणि पानांतली बहुतेक कमाई दाण्यात साठवते आणि तो दाणा घरी येतो. कापणीच्या वेळी गाठी बहुधा पोकळ, तपकिरी झालेल्या असतात. त्यामुळे जमिनीत राहते ते मुख्यतः गळलेल्या पानांतले आणि मुळांतले नत्र. कुळीथ उपटून काढला आणि भुसाही गोठ्यात गेला, तर खाचराच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. विळ्याने बुंध्याशी कापून मुळे जमिनीतच ठेवली आणि गोठ्यातून परत येणारे शेणखत त्याच खाचरात पडले, तर जून उजाडल्यावर भाताच्या लावणीला त्याचा काही वाटा पोहोचतो.